दाढ गेली, दुखणं राहिलं

दाढ काढली की दुखणं संपतं, हा बहुतेकांचा अनुभव असतो आणि तो खराही असतो. भूल उतरली की दोन दिवस ठणका लागतो, आठवड्यात हिरडी मिटू लागते, आणि महिन्या-दीड महिन्यात माणूस त्या बाजूनं भाकरीही चावू लागतो. थोड्या जणांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक जोरात कळ सुरू होते. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते आणि आतलं हाड उघडं पडतं. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्रास खूप होतो, पण ताप नसतो, पू नसतो, आणि औषधाची पट्टी भरली की दहा-पंधरा दिवसांत ते निभावून जातं.

त्यातही मोजक्या जणांचं दुखणं मात्र जात नाही. गाल सुजतो, गोळ्या घेतल्या की उतरतो, गोळ्या संपल्या की पुन्हा चढतो. अशा माणसाच्या दाढेच्या खड्ड्यात आता दोष उरलेला नसतो. दोष हाडात उतरलेला असतो. जबड्याच्या हाडाचा आणि त्यातल्या मगजाचा हा जंतुसंसर्ग म्हणजे ऑस्टिओमायलायटिस. गावाकडे लोक सरळ ‘हाड सडलं’ म्हणतात, आणि ते फारसं चूक नाही.

मुख-शल्यचिकित्सेच्या ओपीडीत असे रुग्ण येतात तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच चिठ्ठ्या आणि औषधांची रिकामी पाकिटं असतात. अशा अनेकांच्या हकिकती जुळवून मी इथे एकच रुग्ण उभी करतो. पंचावन्न वर्षांची, मराठवाड्यातल्या खेड्यातली, शेतमजुरी करणारी बाई. सकाळ-संध्याकाळ मिश्री. सात-आठ वर्षांपासून साखर, पण ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या मध्येच बंद केलेल्या. खालची डावीकडची दाढ किडून पार खोडकी झाली होती, ती तालुक्याच्या गावी काढली. काढताना काही विशेष घडलं नाही. तीन आठवडे दुखलं, पाच-पाच दिवसांचे गोळ्यांचे दोन कोर्स झाले, गालावर हळद-चुन्याचा लेप झाला, शेक झाला. दीड महिन्यानं खालचा ओठ बधिर झाला. दोन महिन्यांनी जबड्याच्या कडेखाली कातडीवर एक फोड आला, फुटला, आणि तिथून पू झिरपू लागला. पदरानं ती जागा झाकून ती मुलाबरोबर आमच्याकडे आली तेव्हा दाढ काढून दहा आठवडे झाले होते.

“दाढ तर काढली, मग आता काय दुखतंय?” हा तिचा पहिला प्रश्न.

“मावशी, हाड दुखतंय.”

“हाडाला काय झालं? मी काय पडले-बिडले नाही.”

तिचा ओठ बधिर आहे हे तिला चहा पिताना कळलं होतं. चहा हनुवटीवरून ओघळून लुगड्यावर सांडला तरी तिला पत्ता नव्हता, सुनेनं सांगितलं. निदानाच्या दृष्टीनं ही गोष्ट तिच्या सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा मोलाची होती. खालच्या जबड्याच्या हाडात, दाढांच्या मुळांखालून, एक बोगदा जातो. त्यातून खालच्या दातांची रक्तवाहिनी आणि संवेदनेची नस शेजारी शेजारी जातात. पुढे हनुवटीजवळ एका छिद्रातून नस बाहेर येते आणि खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. बोगद्याभोवती पू साठला की नस दाबली जाते आणि ओठ बधिर होतो. भुलीचं इंजेक्शन नाही, मार नाही, आणि तरी ओठ आपोआप बधिर झाला, तर दोनच शंका आधी घ्यायच्या: हाडातला जंतुसंसर्ग किंवा हाडातली गाठ. दोन्हींत वेळ दवडून चालत नाही.

हाडाचं असं का होतं, हे कळायला त्याच बोगद्यातल्या रक्तवाहिनीकडे पाहावं लागतं. वरचा जबडा पातळ, सच्छिद्र हाडाचा असतो आणि त्याला चहूबाजूंनी रक्त मिळतं. खालच्या जबड्याला बाहेरून जाड, टणक हाडाचं कवच असतं. आतल्या मगजाला रक्त येतं ते मुख्यतः त्या एका वाहिनीतून, आणि कवचाला थोडंफार बाहेरच्या आवरणातून. म्हणून हा आजार खालच्या जबड्यात कितीतरी जास्त दिसतो. किडलेल्या दाढेच्या मुळाशी जंतू असतातच. ते मगजात शिरले की सूज येते, पू होतो. मऊ मांसात गळू झालं तर ते फुगायला जागा असते. हाडात ती नसते. पू वाढतो तसा आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यांत गुठळ्या होतात. मग हाच पू हाडातल्या सूक्ष्म नळ्यांतून वाट काढत पृष्ठभागावर येतो आणि हाडावरचं आवरण उचलून धरतो. आवरण सुटलं की बाहेरून मिळणारं रक्तही तुटतं. दोन्हीकडून उपाशी पडलेला हाडाचा तो भाग मरतो.

मेलेलं हाड हीच या आजाराची खरी अडचण. त्याच्यात रक्त जात नाही म्हणजे पांढऱ्या पेशी जात नाहीत, आणि गोळीतलं औषधही जात नाही. जंतू मात्र त्याच्या छिद्रांत चिकट थर करून निवांत राहतात. गोळ्या घेतल्या की भोवतालच्या जिवंत भागातले जंतू मरतात, सूज उतरते, रुग्णाला वाटतं बरं झालं. मेलेल्या तुकड्यातले जंतू पुढच्या खेपेसाठी शिल्लक असतात. आमच्या रुग्णाचे दोन कोर्स वाया गेले ते औषध चुकीचं होतं म्हणून नव्हे.

मग प्रत्येकाच्या दाढेनंतर असं का होत नाही? कारण निरोगी माणसाचं रक्त हे जंतू रोज निस्तरत असतं. ज्यांचं ते काम अपुरं पडतं, त्यांची यादी पाहिली की बहुतेक कारणं रक्तपुरवठ्याशी किंवा प्रतिकारशक्तीशीच येऊन थांबतात. ताब्यात नसलेला मधुमेह बारीक रक्तवाहिन्या खराब करतो आणि पांढऱ्या पेशींना मंद करतो. तंबाखू रक्तवाहिन्या आवळतो आणि जखम भरणं लांबवतो. दारू आणि कुपोषण, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड, केमोथेरपी, एचआयव्ही ही बाकीची नेहमीची मंडळी. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर रेडिएशन घेतलेल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. किरणांनी हाडातल्या रक्तवाहिन्या कायमच्या अरुंद होतात, आणि वर्षांनंतर एखादी दाढ काढली तरी ती जागा भरत नाही, हाड उघडं पडून मरत जातं. म्हणून रेडिएशनच्या आधीच दात तपासून, काढायचे ते काढून, जखम भरायला दोन-तीन आठवडे देणं ही आमच्याकडची शिस्त आहे. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका आहे की या शिस्तीचं काम कधी संपत नाही.

वरचा जबडा सहसा सुटतो असं म्हटलं, पण २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रानं उलटं चित्र पाहिलं. म्युकरमायकोसिसचे रुग्ण वॉर्डांत भरले होते आणि त्यांतल्या कित्येकांचा वरचा जबडाच मेला होता. दात हलायला लागले, टाळू काळी पडली, आणि आतून हाड पांढरंफटक. तिथे भरपूर रक्तपुरवठा असून उपयोग झाला नाही, कारण ही बुरशी थेट रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते आणि त्या गुठळ्यांनी बंद करते. त्यावर साखर वाढलेली, वर स्टिरॉइड दिलेली. जंतू बदलला, जबडा बदलला, मरण्याची रीत तीच.

हाडावर परिणाम करणाऱ्या औषधांचंही एक जुनं नातं इथे निघतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात काड्यापेट्यांच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या पोरीबाळींचे जबडे सडत, त्यातून पू वाही, हाडाचे तुकडे पडत. १८४५ साली व्हिएन्नात लोरिन्सर या डॉक्टरनं हे नोंदवलं. १९०६ च्या बर्न करारानं असा फॉस्फरस काड्यांतून हद्दपार करायचं ठरलं आणि हिंदुस्थानात १९१३ साली त्यासाठी वेगळा कायदा झाला. आजार इतिहासजमा झाला असं वाटत असतानाच, २००३ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी तशाच उघड्या पडलेल्या जबड्यांचे रुग्ण मांडले. ते सगळे बिसफॉस्फोनेट गटाची औषधं घेत होते. हाडं ठिसूळ झाल्यावर आणि कर्करोग हाडांत पसरल्यावर ही औषधं देतात. त्यांच्या रेणूतही फॉस्फरस आहे, हा योगायोग आहे की नाही यावर आमच्यात अजून गप्पा रंगतात. कर्करोगासाठी शिरेतून वारंवार मोठे डोस घेणाऱ्यांना हा धोका लक्षणीय असतो, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांना तो फारच कमी. दुसऱ्या गटातल्यांनी घाबरून औषध बंद करू नये, पण दाढ काढण्याआधी ‘मला हाडाचं इंजेक्शन चालू आहे’ हे दंतवैद्याला सांगावं. वर्षातून एकदाच घ्यायचं असल्यामुळे बहुतेकांना ते आठवतच नाही.

आता आमच्या रुग्णाचा एक्स-रे. तिच्या पिशवीत एक जुना ओपीजी होता, म्हणजे यंत्र डोक्याभोवती फिरून दोन्ही जबडे एका लांब चित्रात दाखवणारा एक्स-रे. दाढ काढल्यानंतर आठवड्याभरात काढलेला. त्यात रिकामा खड्डा सोडला तर काहीच नव्हतं, आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ असं तिला सांगितलं होतं. सांगणाऱ्याची चूक नव्हती. साध्या एक्स-रेत हाडाचा ऱ्हास दिसायला त्यातलं निदान तीस ते पन्नास टक्के खनिज निघून जावं लागतं. त्याला दहा-चौदा दिवस, कधी तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात एक्स-रे स्वच्छ असणं म्हणजे आजार नसणं नव्हे. तोंडातली लक्षणं आणि एक्स-रे यांचं जुळत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवावा. अगदी लवकर पाहायचंच झालं तर एमआरआयमध्ये मगजाची सूज दिसते, आणि टेक्नेशियमच्या हाडांच्या स्कॅनमध्ये काही दिवसांतच ती जागा उजळते. पण तो स्कॅन भरणाऱ्या साध्या खड्ड्यालाही उजळवतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर निर्णय घेता येत नाही.

नवा ओपीजी मात्र बोलका होता. दाढेच्या खड्ड्यापासून मागे जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत हाड कसर लागलेल्या कापडासारखं दिसत होतं: ओबडधोबड काळे डाग, मध्ये उरलेलं करडं हाड, कुठेही सरळ कड नाही. नसेच्या बोगद्याच्या दोन पांढऱ्या रेषा मध्येच पुसल्या होत्या. बधिर ओठाचा पुरावा तिथे होता. या काळ्या भागात साधारण दोन सेंटिमीटर लांबीचा एक तुकडा भोवतालच्या हाडापेक्षा पांढरा दिसत होता आणि त्याच्या सभोवती काळी किनार होती. हा मेलेला तुकडा, सिक्वेस्ट्रम.

विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. मेलेलं हाड जास्त पांढरं कसं? सडलेलं ते विरळ, काळं दिसायला हवं. गंमत अशी की हाडातलं खनिज काढून नेणाऱ्या पेशी रक्ताबरोबर येतात. जिवंत हाडातलं खनिज सूज आल्यावर निघून जातं आणि ते काळपट होतं. मेलेल्या तुकड्यापर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून त्याचं खनिज होतं तेवढंच राहतं. भोवती काळी किनार दिसते ती शरीरानं त्याला वेगळं काढताना घातलेल्या मऊ मांसाची. ती किनार पूर्ण असेल तर तुकडा सुटा झाला आहे, आणि चिमट्यात सहज येईल. अर्धवट असेल तर घाई केल्यास जिवंत हाडही फुटतं. मावशींच्या जबड्याच्या खालच्या कडेला एक नवी बारीक पांढरी रेघही होती. उचललं गेलेलं आवरण आपल्या परीनं नवं हाड घालत होतं. सीटी स्कॅनमध्ये ओपीजीत न दिसणारी गोष्ट दिसली: गालाकडची हाडाची भिंत एके ठिकाणी फुटली होती, आणि तिथूनच पुवाची वाट कातडीपर्यंत गेली होती.

तिला दाखल केलं. पहिले काही दिवस चाकूला हात लावला नाही. एचबीएवनसी ११ च्या वर होतं, म्हणजे गेले दोन-तीन महिने साखर बेलगाम. फिजिशियनांनी इन्सुलिन सुरू केलं. मिश्री बंद करायला सांगितली, तेव्हा ती मुलाकडे बघून हसली आणि “बघू” म्हणाली. शिरेतून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड सुरू झालं. जबड्यातल्या या आजारात एकच एक जंतू क्वचित सापडतो. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकाय आणि हवेशिवाय वाढणारे जंतू एकत्र असतात, म्हणून औषध दोघांवर चालणारं लागतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिनकडे वळतात. ते हाडात चांगलं उतरतं, पण त्यानं मोठ्या आतड्याला घातक सूज येऊ शकते, म्हणून पातळ जुलाब सुरू झाले तर लगेच कळवायला सांगतो.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली. हिरडीतून छेद घेऊन गालाकडचं हाड उघडं केलं. सुटा तुकडा राखट, पिवळसर, आणि वास असा की नाकावर मास्क असूनही कळतो. तो काढला, त्याखालचं लालसर लिबलिबीत मांस खरवडलं, शेजारची हलणारी एक दाढ काढली. मग खड्ड्याच्या उभ्या कडा ड्रिलनं उतरवून त्याला उथळ केलं, म्हणजे आत पोकळी उरणार नाही आणि भोवतालचं मांस तळापर्यंत टेकेल. किती हाड काढायचं याचं माप पट्टीनं ठरत नाही. ड्रिल चालवताना पांढऱ्या हाडातून रक्ताचे बारीक थेंब फुटेपर्यंत जायचं. रक्त आलं की तिथून हाड जिवंत आहे. थोडं अलीकडे थांबलं तर आजार परत येतो, फार पुढे गेलं तर जबडा कमजोर होतो. खालच्या कडेला हाताला लागेल इतकं भक्कम हाड उरलं होतं. ते पातळ झालं असतं तर टायटॅनियमची प्लेट बसवावी लागली असती, नाहीतर एखाद्या रात्री जांभई देताना जबडा मोडतो.

काढलेलं हाड दोन बाटल्यांत जातं आणि इथे एक चूक इतकी सर्रास होते की सांगायलाच हवी. फॉर्मेलिनच्या बाटलीतला नमुना पॅथॉलॉजीकडे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. दुसरा नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये, जंतू वाढवून पाहायला. घाईत सगळं फॉर्मेलिनमध्ये टाकलं की जंतू मरतात, आणि मायक्रोबायोलॉजीचा अहवाल ‘काहीच वाढलं नाही’ असा येतो. मग सहा आठवड्यांचं औषध अंदाजानं द्यावं लागतं. कातडीवरच्या छिद्रातून कापसाच्या बोळ्यानं घेतलेला पू तपासण्यालाही फार अर्थ नाही, त्यात कातडीवरचे जंतूच जास्त येतात. आणि पॅथॉलॉजीचा अहवाल टाळता येत नाही, कारण कसर लागल्यासारखं हाड कर्करोगातही दिसतं, त्यातून मिश्रीची सवय. तिच्या अहवालात कर्करोग नव्हता, मेलेलं हाड आणि पू होता. ॲक्टिनोमायसिस नावाचे जंतूही नव्हते. ते सापडले असते तर औषध सहा महिने ते वर्षभर चाललं असतं.

तिला सहा आठवडे सांगितले. हा आकडा शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजायचा, कारण खरवडलेल्या हाडावर नव्या रक्तवाहिन्यांचं मांस चढायला साधारण तेवढा काळ लागतो. तोवर उघड्या हाडाला औषधाचं कवच हवं. पूर्वी हे सगळे आठवडे सलाइन लावूनच काढायचे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत तोंडाने औषध घेणाऱ्यांचे परिणाम शिरेतून घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत. तिच्यातले रुग्ण जबड्याचे नव्हते, पण त्या निकालामुळे काही दिवसांनी गोळ्यांवर आणून घरी सोडायला धीर येतो. खेड्यातल्या बाईला दीड महिना वॉर्डात ठेवणं तिच्या घराला परवडत नाही.

दुसऱ्या आठवड्याअखेर दुखणं गेलं, पुवाचं छिद्र मिटलं, आणि ठरल्याप्रमाणे गोळ्या थांबल्या. ठरल्याप्रमाणे म्हणजे तिच्या हिशेबानं. “बरं वाटतंय, तर उगाच कशाला पोटात औषध?” मुलानं फोनवर सांगितलं म्हणून कळलं. त्याला समोर एक्स-रे धरून समजावलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाल्या. दर दोन आठवड्यांनी सीआरपी पाहिली, ती खाली येत गेली. वर चढली असती किंवा छिद्र पुन्हा फुटलं असतं तर पुन्हा सीटी, पुन्हा शस्त्रक्रिया. तेव्हा पुढची पायरी म्हणजे गालाकडचं हाडाचं जाड कवच आजारापलीकडे एक-दोन सेंटिमीटरपर्यंत सोलून काढणं, म्हणजे रक्तानं भरलेला स्नायू थेट मगजावर येऊन टेकतो. तेही फसलं तर जबड्याचा तो भागच काढून पायातल्या फिब्युलाचं हाड रक्तवाहिन्यांसकट तिथे जोडतात. ही दहा-बारा तासांची शस्त्रक्रिया आहे आणि ती सगळीकडे होत नाही.

सहा महिन्यांच्या ओपीजीत खड्डा खालून नव्या हाडानं भरत आलेला दिसला. काळे डाग गेले, पण तिथलं हाड अजून शेजारच्यापेक्षा दाट आहे आणि ते तसंच राहील. खालच्या दातांची कवळी आणखी काही महिन्यांनी, साखर आटोक्यात असेल तर. हनुवटीला मुंग्या येतात असं ती सांगते, म्हणजे नस हळूहळू जागी होते आहे, मात्र ओठाचा डावा कोपरा अजून बधिर आहे आणि तो पूर्ण येईलच अशी खात्री देता येत नाही. वर्षभर दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं आहे. मिश्रीबद्दल विचारलं तर अजूनही “बघू” म्हणते.